बोटांआडचा पेला

गेल्या वर्षी एक ओळखीचे गृहस्थ वडिलांचा फोटो घेऊन आले. निरोपसमारंभातला, छातीपाशी धरलेला उजवा हात, त्यात चहाचा कागदी कप. वडील गेल्यावर हाच एक हसरा फोटो उरला होता आणि तो भिंतीवर लावायचा होता. "कप तेवढा काढा आणि आमच्या घरचा स्टीलचा पेला द्या त्यांच्या हातात," असे त्यांचे म्हणणे. फोटोशॉपमध्ये वीस वर्षे काम केल्यावरही अशी कामे मला सोपी वाटत नाहीत. अडचण नवीन वस्तू आणण्यात नसून ती बोटांच्या आत बसवण्यात असते.

पहिला प्रश्न असा, की वस्तूच्या पुढे काय आहे आणि मागे काय? कॅमेऱ्याकडे तोंड करून कोणी कप धरला, की चार बोटे कपाच्या पुढे येतात आणि अंगठा मागे जातो. म्हणून चित्राचे तीन थर करावे लागतात. तळाशी माणूस, सदरा आणि अंगठा, मध्ये पेला, सर्वांत वर फक्त चार बोटे. बोटांची कड मी पेन टूलने, मूळ फोटो तीनचार पट मोठा करून आखतो. ही कड कात्रीने कापल्यासारखी ठेवली तर बोट चिकटवल्यासारखे दिसते. म्हणून तिला एकदोन पिक्सेलची मऊ धार द्यायची, फोटोतली इतर कडा जितकी मऊ असेल तितकीच.

इथे नवशिका माणूस हमखास एक गोष्ट विसरतो. दोन बोटांमधल्या फटींतूनही जुना कप दिसत असतो. त्या पांढऱ्या चिरा मास्कमध्ये झाकल्या नाहीत, तर पेला स्टीलचा आणि फटी कागदाच्या, असे चित्र तयार होते. नवीन वस्तू जुनीपेक्षा जराशी मोठी असेल तर काम हलके होते. लहान असेल तर कडेने उरलेला कप पुसून मागचा सदरा नव्याने रंगवावा लागतो. पण फार मोठीही चालत नाही, कारण बोटांचा वाक आधीच्या जाडीचे माप सांगत असतो.

मग प्रकाश. पांढरा कागद बोटांच्या आतल्या कडांवर उजेड फेकतो. कप गेला तरी तो उजेड बोटांवर राहतो आणि डोळ्याला खुपतो. तो वेगळ्या थरावर, मऊ ब्रशने, थोडाथोडा गडद करावा लागतो. पेल्यावर बोटांची सावलीही हवी. टेकलेल्या जागी अरुंद आणि गडद, पुढे पसरट आणि फिकी. ती निव्वळ काळी न ठेवता किंचित तपकिरी ठेवतो, कारण त्वचेवरून आलेला रंग तिच्यात मिसळतो.

स्टीलला आणखी एक खोड असते, ते बोटांचे प्रतिबिंब दाखवते. गोल पृष्ठभागावर ते आडवे आक्रसते. हाताने रंगवले तर बहुधा फसते. म्हणून मी त्या गृहस्थांनाच घरचा पेला आणायला सांगितले, फोटोतल्याच दिशेने खिडकीचा उजेड घेतला आणि त्यांच्याच हातात तो धरून फोटो काढला. मुलाच्या बोटांवर वडिलांची बोटे नीट बसली. पेल्यातली प्रतिबिंबे खरी होती.

काम तपासायला मी चित्र आडवे उलटवतो, मग रंग काढून केवळ काळे-पांढरे पाहतो. सावली कमीजास्त झाली असेल तर लगेच कळते. यात काही सापडले नाही. पण गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे हो, पण बाबा असा पेला धरत नव्हते."

मी पुन्हा पाहिले. पेल्यात चहा होता. गरम चहाचा स्टीलचा पेला कोणी मुठीत धरत नाही. कडेला अंगठा आणि बोट लावून धरतो. कागदी कपाला ती मूठ चालली होती, कारण कागद तितका पोळत नाही. हाताची पकड वस्तूचे तापमानही सांगते, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

पकड बदलायची तर वडिलांचा हातच नवा बनवावा लागला असता. ते त्यांनाही नको होते आणि मलाही. मी चहाचा तपकिरी गोल काढला आणि तिथे पाणी दाखवले. पेला तोच, बोटे तीच. गृहस्थ हसले आणि म्हणाले, "हां. जेवायला बसण्याआधी असेच उभे राहायचे."

तेव्हापासून वस्तू बदलण्याआधी मी ती स्वतःच्या हातात, फोटोतल्यासारखीच, धरून पाहतो. हाताला अवघड वाटले, तर संगणकावर बसतच नाही.