चारच्या अलीकडे, चारच्या पलीकडे

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर अनेकदा 'पीएसए' नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे नॉर्मल म्हणून बहुधा '० ते ४' असं छापलेलं असतं. आकडा ३.९ आला की घरचे सुस्कारा सोडतात, ४.१ आला की युरॉलॉजिस्टचा नंबर शोधायला लागतात. रक्तातल्या प्रथिनात झालेला फरक एवढासाच, पण त्याने माणूस एका रांगेतून उचलून दुसऱ्या रांगेत टाकला जातो.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन आहे. ग्रंथीत कॅन्सर असला तर ते रक्तात वाढतं. मात्र वयोमानाने ग्रंथी नुसती मोठी झाली तरी ते वाढतं, लघवीच्या मार्गात संसर्ग झाला तरी वाढतं. उलट काही कॅन्सर असे असतात की त्यांच्यामुळे आकडा फारसा हलतच नाही. थोडक्यात, कॅन्सर असलेल्यांचे आकडे आणि नसलेल्यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. रेघ कुठेही ओढा, दोन्ही बाजूंना काही चुकीची माणसं राहणारच.

अमेरिकेत ही तपासणी १९८६ मध्ये आधीच कॅन्सर झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी मंजूर झाली आणि १९९४ मध्ये कॅन्सर शोधण्यासाठी. तोवर ४ ही रेघ रूढ झाली होती. तिची पारख करण्यात एक मोठी अडचण होती. बायोप्सी म्हणजे ग्रंथीचे सुईने तुकडे काढून तपासणं. ती व्हायची मुख्यतः ४ च्या वर आकडा आलेल्यांचीच. खालच्यांना घरी पाठवलं जायचं. मग त्यांच्यातल्या किती जणांना कॅन्सर होता, हे कळणार कसं? ज्यांना तपासलंच नाही त्यांना निरोगी धरलं, तर कुठलीही चाचणी असते त्याहून जास्त हुशार दिसते.

ही कोंडी फुटली ती दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका अभ्यासात. फिनॅस्टराइड हे औषध प्रोस्टेटचा कॅन्सर टाळतं का, हे पाहायला १९९३ मध्ये अमेरिकेत सुमारे १९ हजार पुरुषांना घेऊन एक मोठी चाचणी सुरू झाली. सात वर्षांनी पीएसए कितीही असो, बायोप्सी करायची, असं तिच्या आराखड्यातच होतं. औषधाऐवजी साधी गोळी मिळालेल्या गटातल्या ५,५८७ बायोप्सी झालेल्या पुरुषांचा हिशेब इयान थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला. त्यातल्या १,२२५ जणांना, म्हणजे साधारण २२ टक्क्यांना, कॅन्सर निघाला.

आता रेघेची परीक्षा घेता येत होती. कॅन्सर असलेल्या शंभरांपैकी किती जणांना चाचणीने पकडलं, ही तिची संवेदनशीलता. कॅन्सर नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना तिने बरोबर मोकळं सोडलं, ही तिची विशिष्टता. रेघ ४.१ वर ठेवली तर संवेदनशीलता अवघी २०.५ टक्के आणि विशिष्टता ९३.८ टक्के निघाली. ३.१ वर आणली तर ३२.२ आणि ८६.७. २.१ वर ५२.६ आणि ७२.५. १.१ वर ८३.४ आणि ३८.९.

हे टक्के माणसांत मोजून पाहावेत. अशा एक हजार पुरुषांत २२० जणांना कॅन्सर असेल, ७८० जणांना नसेल. रेघ ४.१ वर असेल तर ४५ कॅन्सर सापडतात, १७५ निसटतात आणि ४८ निरोगी माणसांना विनाकारण सुई टोचली जाते. रेघ २.१ वर आणली तर ११६ कॅन्सर सापडतात, पण विनाकारण बायोप्सी होणारे २१५ होतात. १.१ वर आणली तर १८३ सापडतात आणि नाहक टोचले जाणारे ४७७ वर जातात. ४.१ वरून २.१ वर येताना ७१ जादा कॅन्सरांसाठी १६७ निरोगी माणसं मोजावी लागली. तिथून १.१ वर येताना ६७ कॅन्सरांसाठी २६२. म्हणजे खाली उतरावं तसा दर चढत जातो.

हाच हिशेब कागदावर काढला की आरओसी वक्र तयार होतो. आडव्या अक्षावर चुकून पकडलेले निरोगी, उभ्या अक्षावर बरोबर पकडलेले आजारी. ४.१ चा ठिपका डावीकडे खाली पडतो, १.१ चा उजवीकडे वर. मधले ठिपके जोडले की कमान दिसते. रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसत्या गोंगाटाचा, या दुसऱ्या महायुद्धातल्या प्रश्नातून ही पद्धत निघाली आणि पुढे वैद्यकात आली. कमान डावीकडच्या वरच्या कोपऱ्याकडे जितकी ताणलेली, तितकी चाचणी चांगली. नाणं उडवून निदान केलं तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ तिरकी रेघ मिळते.

कमानीखालचं क्षेत्रफळ या सगळ्या रेघांचा निकाल एकाच आकड्यात सांगतं. परिपूर्ण चाचणीचं ते १, नाणेफेकीचं ०.५. पीएसएचं आलं ०.६७८. याचा अर्थ अगदी सोपा आहे: कॅन्सर असलेला एक आणि नसलेला एक, असे दोन पुरुष डोळे मिटून निवडले, तर शंभरांतल्या सुमारे ६८ वेळा कॅन्सरवाल्याचा आकडा जास्त असेल. इतक्या गाजलेल्या तपासणीसाठी हे यश बेताचंच म्हणायचं. '६८ टक्के रुग्ण पकडले जातात' असा त्याचा अर्थ मात्र अजिबात नाही, आणि ही गल्लत सर्रास होते. क्षेत्रफळ चाचणीबद्दल बोलतं. रेघ कुठे ओढायची याबद्दल ते गप्प असतं.

रेघ ठरवायला एक सोयीचं सूत्र वापरलं जातं: संवेदनशीलता आणि विशिष्टता यांची बेरीज जिथे सर्वांत मोठी, तिथे रेघ. वरच्या चार आकड्यांत हा मान २.१ ला मिळतो. तरीही ४ ची जागा २.१ ने घेतली नाही आणि ते योग्यच झालं. हे सूत्र दोन्ही चुकांना सारखंच वजन देतं. निसटलेला कॅन्सर जिवावर बेतू शकतो. पण प्रोस्टेटचे अनेक कॅन्सर इतके संथ असतात की ते सापडले नसते तरी माणूस दुसऱ्याच कशाने गेला असता. अशांवर शस्त्रक्रिया करून लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता गमावण्यात फायदा कुणाचा?

म्हणूनच त्या अभ्यासातले पुढचे आकडे जास्त बोलके आहेत. पेशींच्या रूपावरून कॅन्सर किती आक्रमक, हे ग्लीसन गुणांकन सांगतं. 'कोणताही कॅन्सर' याऐवजी 'ग्लीसन ७ किंवा जास्त' शोधायचा असं ठरवलं, तर क्षेत्रफळ ०.७८२ होतं, '८ किंवा जास्त' धरलं तर ०.८२७. चाचणी तीच, रक्त तेच. फक्त काय शोधायचं हे बदललं आणि कमान वर सरकली. कुठल्याही चाचणीचं क्षेत्रफळ कुणी अभिमानाने सांगितलं, तर ते कुठल्या आजाराविरुद्ध आणि कुठल्या माणसांत मोजलं, हे आधी विचारावं. या अभ्यासातही सुरुवातीला पीएसए ३ पर्यंत असलेलेच पुरुष घेतले होते. दवाखान्यात त्रास घेऊन आलेल्या रुग्णांत आकडे वेगळे येतील.

अमेरिकेतल्या प्रतिबंधात्मक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः निर्णय घ्यावा, असं सांगितलं आणि सत्तरीनंतर या चाळणी तपासणीची शिफारस केली नाही. ज्याच्या रिपोर्टवर ४.३ आला आहे त्याने लगेच बायोप्सीची तारीख घेऊ नये. लघवीचा संसर्ग नाही ना, हे पाहून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी आणि आकडा तसाच राहिला तर आधी एमआरआयने भागेल का, हे युरॉलॉजिस्टला विचारावं.