गायरान हिरवं झालं, पण चारा किती?

गायरान सुधारण्यासाठी निधी मागणाऱ्या प्रस्तावाचा सारांश जेमतेम दोन पानांचा असतो. त्यात बहुतेकदा ‘पाच हजार रोपे लावणार’ असं उद्दिष्ट दिसतं. रोपं मोजायला सोपी, फोटोतही छान दिसतात. पण कुरणात दाट झाडी लावली की सावलीत गवत विरळ होतं, आणि गुरं खातात ते गवत.

नुसत्या हिरवेपणावरही भरवसा ठेवता येत नाही. पावसाळ्यात उजाड गायरान टाकळ्याने हिरवंगार होतं, पण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. अति चराईत पवन्या आणि मारवेल ही चांगली बहुवर्षायू गवतं आधी जातात. मग कुसळी माजते, आणि शेवटी मुरूम उघडा पडतो. म्हणून सारांशात दोन आकडे हवेत: वाळलेलं गवत किती आणि त्यात खाण्याजोगं किती.

मोजणी अवघड नाही. पावसाळा संपता संपता एक मीटर लांब-रुंद चौकट ठिकठिकाणी टाकायची, आतलं गवत कापून जातवार वेगळं करायचं, वाळवून तोलायचं. चौकट कुठे पडेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. नाहीतर हात आपसूक दाट गवताकडे वळतो.

समजा, चाळीस हेक्टरच्या गायरानात चौकटीमागे सरासरी ६० ग्रॅम गवत भरलं. म्हणजे हेक्टरी ६०० किलो, एकूण २४ टन. निम्मं मुळांसाठी आणि बियांसाठी सोडलं तर उरतात १२ टन. गाय दिवसाला सहा किलो सुका चारा खाते असं धरलं, तर शंभर गाईंना तो वीस दिवस पुरेल. ‘चौथ्या वर्षी हेक्टरी १५०० किलो, त्यात निम्मं पवन्या-मारवेल’ असं उद्दिष्ट गाठलं, तरी पन्नासच दिवस. सारांशात हेही लिहावं. बारमाही चाऱ्याचं आश्वासन तपासणीत टिकत नाही.

पाऊस चांगला झाला की काहीच न करताही गवत वाढतं. म्हणून त्याच गायरानाचा एक तुकडा काम न करता तसाच ठेवून दरवर्षी सोबत मोजावा. दोन्हींतल्या फरकाएवढंच श्रेय प्रकल्पाचं.

योजना बहुधा फसते ती चराईबंदीत. हिवरे बाजारने मोकळी चराई थांबवून गवत विळ्याने कापून नेऊ दिलं. पण ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत आणि जमीन नाही, त्याने या काळात जायचं कुठे? सगळं गायरान एकदम बंद केलं तर कुंपण रात्रीतून उघडतं. एक तृतीयांश बंद आणि बाकी खुलं, असं आळीपाळीने करता येतं. मात्र खुल्या भागावर तेवढ्या काळात चराईचा ताण वाढतो, म्हणून चौकटी तिथेही टाकाव्या लागतात. त्या मजुरीची तरतूद अंदाजपत्रकात नसेल, तर दुसऱ्याच वर्षी मोजणी बंद पडते.