गृहपाठात ९०, परीक्षेत ६०, मग एकूण ७५ का नाही?

पालकसभेत एक अम्मी प्रगतिपत्रक घेऊन माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "टीचर, मुलीला गृहपाठात ९० टक्के, परीक्षेत ६० टक्के. दोन्हींची बेरीज १५०, भागिले २, म्हणजे ७५. इथे तर ६६ लिहिलंय. नऊ टक्के कुठे गेले?"

त्यांचा हिसाब चुकलेला नव्हता. फक्त एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्या मूल्यमापनात गृहपाठाला २० टक्के आणि परीक्षेला ८० टक्के वेटेज होते. मराठीत याला भारांश म्हणतात. आपल्या घरातला सोपा शब्द वापरायचा तर वजन.

मी त्यांना तांदळाचे उदाहरण दिले. समजा, तुम्ही ९० रुपये किलोचा एक किलो तांदूळ घेतला आणि ६० रुपये किलोचा चार किलो. पाच किलोंना सरासरी काय भाव पडला? ९० आणि ६० च्या मधला ७५ असे आपण म्हणत नाही, कारण स्वस्त तांदूळ चौपट घेतलाय. ९० अधिक २४०, झाले ३३० रुपये. भागिले ५, म्हणजे ६६ रुपये किलो.

गुणांचेही तसेच आहे. गृहपाठ हा एक किलो, परीक्षा चार किलो. ९० चे २० टक्के म्हणजे १८. ६० चे ८० टक्के म्हणजे ४८. बेरीज ६६. नऊ टक्के कुठेच गेले नाहीत. ७५ हे उत्तर दोन्हींचे वजन सारखे असते तरच आले असते.

अम्मींनी लगेच विचारले, "पण गृहपाठ तर पाच झाले, परीक्षा एकच. मग पाचांचं वजन जास्त नको?" हा गैरसमज बऱ्याच घरांत असतो. २० टक्के हे पाचही गृहपाठांचे मिळून आहेत. म्हणजे एका गृहपाठाच्या वाट्याला ४ टक्के. शिक्षकांनी दहा गृहपाठ दिले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ येतील, पण एकूण वजन २० च राहील.

मग गृहपाठाकडे दुर्लक्ष केले तर चालेल का? तेही करून बघू. पाच गृहपाठ, प्रत्येकी १० गुण. मुलीला मिळाले १०, ९, ८, ९, ९. एकूण ५० पैकी ४५, म्हणजे ९० टक्के. आता शेवटचा गृहपाठ तिने दिलाच नाही असे समजा. तिथे शून्य पडले. ५० पैकी ३६ उरले, म्हणजे ७२ टक्के. त्याचे २० टक्के १४.४. आधी १८ होते, म्हणजे निकालातून ३.६ गेले. ही कसर परीक्षेत भरून काढायची तर शंभरपैकी साडेचार गुण जास्त आणावे लागतील. एका संध्याकाळच्या आळसाची ही किंमत.

दुसरी बाजूही बघा. गृहपाठ ९० वरून १०० वर नेला, तर निकाल फक्त २ ने वाढतो. परीक्षा ६० वरून ७० वर नेली, तर ८ ने. म्हणून वही आधीच चांगली असेल, तर उरलेला वेळ परीक्षेच्या सरावाला द्यावा.

तिला एकूण ७५ हवे असतील, तर परीक्षेत किती लागतील? ७५ मधून गृहपाठाचे १८ वजा करा, उरले ५७. त्याला ०.८ ने भागा. उत्तर ७१.२५, म्हणजे परीक्षेत ७२ लागतील.

दोन ठिकाणी मात्र फसगत होते. काही शाळांच्या ॲपवर परीक्षेआधीच टक्केवारी दिसते. तिथे ९० दिसले की घरात खुशी होते, पण तो आकडा फक्त गृहपाठाचा असू शकतो. ८० टक्के वजन अजून पारड्यात पडायचेच असते.

दुसरी फसगत, वजन दोनदा लावण्याची. आपल्या राज्यात दहावीच्या मुख्य विषयांत लेखी परीक्षा ८० गुणांची आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापन, तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे असतात. तिथे वजन 'पैकी'च्या आकड्यातच आलेले असते. २० पैकी १८ आणि ८० पैकी ४८ दिसले की सरळ बेरीज करायची. १८ चे पुन्हा २० टक्के काढायचे नाहीत.

म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना दोन प्रश्न विचारा: कशाला किती वेटेज आहे, आणि न दिलेल्या गृहपाठाला शून्य धरतात का? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या अम्मींनी तिथेच मुलीची वही उघडली आणि लिहिले, "गृहपाठ २०, परीक्षा ८०." मग मुलीला म्हणाल्या, "चल, आता ७२ चा हिसाब तू कर."