एकच लायब्ररी, चार इशारे

९ डिसेंबर २०२१ रोजी लॉगफोरजेमधली त्रुटी जगजाहीर झाली. जावात लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काय काय घडलं याची नोंद ठेवणारी ही फुकट मिळणारी लायब्ररी. नोंदवायच्या मजकुरात `${jndi:` ने सुरू होणारी एक ओळ आली, की ती लायब्ररी तो मजकूर नुसता लिहून न ठेवता आज्ञेसारखा पाळायची. मग सांगितलेल्या सर्व्हरशी ती संपर्क साधायची, आणि तिथून आलेला परका कोड आपल्या यंत्रावर चालू शकायचा. हल्लेखोराला लॉगिनच्या चौकटीत ती ओळ टाइप करणं पुरेसं होतं. मायनक्राफ्ट खेळात तर चॅटमधला संदेशही चालायचा. या त्रुटीचा क्रमांक CVE-2021-44228 आणि गंभीरतेचे गुण दहापैकी दहा.

आजचं कुठलंही सॉफ्टवेअर अशा शेकडो तयार लायब्रऱ्यांवर उभं असतं. प्रोग्रॅमर दहा-वीस स्वतः निवडतो आणि त्या आपल्याबरोबर इतर अनेक घेऊन येतात. म्हणून कोड ‘बिल्ड’ होताना, म्हणजे पाइपलाइनमध्ये, स्कॅनर बसवतात. तो लायब्रऱ्यांची नावं आणि आवृत्त्या गोळा करून ज्ञात त्रुटींच्या यादीशी ताडून पाहतो. त्याची मर्यादा त्या डिसेंबरमध्ये उघडी पडली. ८ तारखेला हिरवा दिवा मिळालेला कोड एकही अक्षर न बदलता दुसऱ्या दिवशी धोकादायक ठरला होता. फक्त नवा कोड आल्यावरच स्कॅन होत असेल, तर वर्षभर कुणी हात न लावलेली सेवा इशाऱ्याशिवाय चालूच राहते. म्हणून जे प्रत्यक्ष चालू आहे, ते रोज रात्री पुन्हा तपासायला हवं.

पण खरी कसोटी इशारा आल्यानंतर लागते. लॉगफोरजेच्या बाबतीत त्या महिन्यात एकामागून एक चार इशारे आले. समजा, एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या पोर्टलवर ते आले आहेत. आधी ती लायब्ररी आपल्याकडे कुठून आली ते शोधायचं:

```
mvn dependency:tree -Dincludes=org.apache.logging.log4j
```

उत्तरात नुसती `log4j-api` दिसली, तर पहिल्या त्रुटीचा धोका नाही, कारण दोष `log4j-core` मध्ये होता. पुष्कळ स्कॅनर दोन्हींवर लाल शिक्का मारत होते. `log4j-core` दिसली, पण पुढे `test` लिहिलेलं असेल, तर ती चाचण्यांपुरतीच आहे, ग्राहकांच्या सर्व्हरवर जात नाही. पुढे `compile` असेल आणि पोर्टल ग्राहकाचं नाव लॉगमध्ये लिहीत असेल, तर बाहेरच्या माणसाची अक्षरं थेट त्या दोषापर्यंत पोहोचतात. मग त्याच रात्री दुरुस्ती करायची. एक सावधगिरी मात्र हवी: काही पुरवठादार ही लायब्ररी स्वतःच्या जार फाइलमध्ये विरघळवून देतात. अशा वेळी वरची आज्ञा काहीच दाखवत नाही. त्यासाठी तयार झालेली फाइल उघडून आतले वर्ग तपासणारा स्कॅनर लागतो.

दुसरा इशारा, CVE-2021-45046, मला सर्वांत बोलका वाटतो. पहिली दुरुस्ती, आवृत्ती 2.15.0, काही विशिष्ट मांडणीत अपुरी ठरली होती. सुरुवातीला याला गुण मिळाले ३.७, कारण सेवा बंद पडण्यापलीकडे काही होणार नाही असा समज होता. पुढे परका कोडही चालवता येतो हे दिसलं आणि गुण ९.० झाले. ‘सातच्या खालचं पुढच्या महिन्यात’ असा नियम लावून ज्यांनी हा इशारा बाजूला ठेवला, त्यांच्या यादीत तो तळाशीच राहिला असेल. बाजूला ठेवलेल्या प्रत्येक इशाऱ्याला कारण आणि मुदतीची तारीख जोडायची ती यासाठी. तारीख उलटली की पाइपलाइनने तो परत समोर आणायला हवा.

तिसरा इशारा सेवा बंद पाडण्याविषयीचा होता, तोही ठरावीक मांडणीतच. चौथा होता CVE-2021-44832. गुण ६.६, शब्द तेच भीतिदायक: परका कोड चालवता येतो. पण त्यासाठी हल्लेखोराला लॉगिंगची मांडणी-फाइल बदलण्याचा अधिकार आधीच हवा. ज्याच्या हातात ती फाइल आहे, तो सर्व्हरच्या आत शिरलेलाच असतो. आधीचे इशारे मिटवलेल्या संघाने 2.17.1 नेहमीच्या अद्ययावतीबरोबर घेतली, तर मी त्याला निष्काळजी म्हणणार नाही.

गुणांपेक्षा मी दोन नोंदी आधी बघेन. अमेरिकेची सायबर संस्था सिसा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींची उघड यादी ठेवते. पहिली त्रुटी १० डिसेंबरलाच तिथे चढली आणि तिथल्या केंद्रीय कार्यालयांना २४ डिसेंबरची मुदत मिळाली. दुसरी नोंद ‘ईपीएसएस’: येत्या ३० दिवसांत एखादी त्रुटी हल्ल्यात वापरली जाण्याची शक्यता. हा अंदाज साऱ्या जगासाठी असतो. तुमच्या पोर्टलवर तो दोष बाहेरून गाठता येतो का, हे त्यात नसतं.

म्हणून बिल्ड थांबवणारा नियम मी अरुंद ठेवेन. त्रुटी चालत्या कोडमध्ये आहे, बाहेरून गाठता येते, दुरुस्त आवृत्ती उपलब्ध आहे आणि हल्ले सुरू आहेत किंवा लवकरच होण्याची शक्यता मोठी आहे, तरच पाइपलाइन अडवायची. प्रत्येक इशाऱ्यावर अडवली, तर वैतागलेला प्रोग्रॅमर तपासणीच वगळण्याचा पर्याय शोधतो. बाकीचे इशारे आठवड्याच्या अद्ययावतीकडे जातात. बाहेरून गाठता येणाऱ्या दोषावर दुरुस्तीच आलेली नसेल, तर तो भाग तात्पुरता बंद करावा लागतो. लॉगफोरजेत नवी आवृत्ती लगेच बसवता येत नव्हती, तिथे लोकांनी `JndiLookup` हा वर्ग जार फाइलमधून उचलून काढून टाकला आणि सेवा चालू ठेवली.