टेस्टोस्टेरॉन कमी, पण दोष डोक्यात

चाळिशीतला पुरुष सतत थकलेला असतो, कामेच्छा मावळते, दाढीची वाढही मंदावते. वय आणि कामाचा ताण यांना दोष देत वर्ष-दोन वर्षं निघून जातात. डोकं दुखतं म्हणून तो चष्म्याचा नंबर बदलून घेतो. मग एके दिवशी स्कूटरवर असताना बाजूने आलेली रिक्षा त्याला दिसतच नाही. पिट्युटरीची गाठ झालेले पुरुष अनेकदा अशा आडवाटेनेच डॉक्टरांपर्यंत पोचतात.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. तिथून निघणारं एलएच हे संप्रेरक वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करायला सांगतं. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींची गाठ झाली, की वाढलेलं प्रोलॅक्टिन हा निरोपच दाबून टाकतं. वृषणं धडधाकट असतात, त्यांना हुकूम मात्र मिळत नाही. काही पुरुषांच्या स्तनांतून दुधासारखा स्रावही येतो, आणि लाजेपोटी तो डॉक्टरांनाही सांगितला जात नाही. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते.

ग्रंथीच्या थेट वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर सरकली की बाहेरच्या बाजूंचं दिसणं आधी जातं. समोरचा तक्ता रुग्ण नीट वाचतो, म्हणून साध्या तपासणीत हे निसटतं. त्यासाठी दृष्टिक्षेत्राची वेगळी चाचणी लागते.

अशा रुग्णाचे नमुनेदार अहवाल पाहू. सकाळचं टेस्टोस्टेरॉन १५०. साधारणपणे ते ३००च्या वर हवं. वृषणंच निकामी झाली असती, तर एलएच वाढलेलं दिसलं असतं. इथे तेही कमी. म्हणजे शोध वर घ्यायचा. प्रोलॅक्टिन मोजलं तर १,८००, जे २०च्या आसपास थांबायला हवं. एमआरआयमध्ये अडीच सेंटिमीटरची गाठ.

आता ऑपरेशन, असं कुणालाही वाटेल. पण या प्रकारच्या गाठीवर पहिला उपाय बहुधा कॅबरगोलिनची गोळी असते, तीही आठवड्यातून एकदा-दोनदा. दृष्टी काही दिवसांत वा आठवड्यांत सुधारू लागते, गाठ महिन्यांच्या हिशेबाने आकसते आणि अनेकांचं टेस्टोस्टेरॉन आपसूक वर येतं. गोळी लागू पडली नाही किंवा सोसली नाही, तर नाकावाटे शस्त्रक्रिया करतात.

प्रोलॅक्टिन थोडंसंच वाढलेलं असेल, तर आधी औषधांचा डबा तपासावा. पित्तावरच्या कित्येक गोळ्यांमध्ये डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं आणि दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. खरा घोटाळा मात्र प्रोलॅक्टिन न तपासताच टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केल्याने होतो. रुग्णाला बरं वाटतं, आत गाठ वाढत राहते, शिवाय शुक्राणू घटतात ते वेगळंच.

अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि अंधारी आली, तर गाठीत रक्तस्राव झाला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.