पट्टी स्पष्ट, पण पडदा मंद

बातम्यांच्या वाहिनीवर खाली सरकणारी पट्टी वाचताना अक्षरांच्या कडा पुसट दिसतात. पट्टी थांबली की तीच अक्षरे रेखीव होतात. हा दोष नजरेचा असतोच असे नाही. बऱ्याचदा तो चित्र दाखवण्याच्या पद्धतीत असतो.

टीव्हीवर सेकंदाला 50 चित्रे येतात असे धरू. प्रत्येक चित्र पडद्यावर 20 मिलिसेकंद जसेच्या तसे थांबते. आपली नजर मात्र अक्षरामागे अखंड सरकत असते. त्यामुळे थांबलेले चित्र डोळ्याच्या पडद्यावर फरफटते. पट्टी 1920 ठिपक्यांचा पडदा चार सेकंदांत पार करत असेल, तर प्रत्येक चित्रामागे ती सुमारे 10 ठिपके पुढे जाते आणि अक्षराची कड तेवढीच पसरलेली दिसते. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत प्रत्येक ठिपका क्षणभरच चमकत असे, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नसे.

नव्या टीव्हीत तोच परिणाम मुद्दाम साधता येतो. ओएलईडी पडद्यावर दोन चित्रांच्या मध्ये काळोख घातला जातो. एलसीडीमध्ये मागचे दिवे वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी क्रमाने पेटवले जातात, म्हणजे त्या भागातले चित्र स्थिरावल्यावरच तिथे उजेड पडतो. कंपनीनुसार या सोयीला OLED Motion किंवा LED Clear Motion अशी नावे असतात.

चित्र निम्माच वेळ उजळले, तर 10 ठिपक्यांचा पसारा पाचवर येतो; पाव वेळ उजळले, तर अडीचवर. पण डोळा उजेडाची सरासरी धरतो. म्हणून 400 निट्सचा पडदा पहिल्या वेळी 200 आणि दुसऱ्या वेळी 100 निट्सचा वाटतो. काही एलसीडी टीव्ही दिवे अधिक प्रखर करून थोडी भरपाई करतात. रात्री दिवे मंद असताना 100 निट्स चालून जातात. दुपारी खिडकी उघडी असेल तर चित्र मळकट दिसते. एचडीआर चित्रपटातली खास चमकही यात हरवते.

दुसरी किंमत लुकलुकण्याची. सेकंदाला 50 वेळा होणारी उघडझाप पांढऱ्या दृश्यात आणि नजरेच्या कडेला जाणवते. डोके जड होत असेल किंवा अर्धशिशीचा त्रास असेल, तर ही सोय बंदच ठेवावी. लुकलुक टाळण्यासाठी काही टीव्ही एकेक चित्र दोनदा उजळतात. मग अक्षरांना जुळी कड दिसते. सेकंदाला 24 चित्रांच्या चित्रपटातही असेच घडते.

पारख करायला सरकती पट्टीच घ्यावी, कारण ती कॅमेऱ्याने टिपलेली नसते. खेळाडूची धूसरता कॅमेऱ्यातूनच आली असेल, तर टीव्ही ती पुसू शकत नाही. सोय सर्वांत खालच्या पातळीवर सुरू करावी, आधी पट्टी आणि मग पांढरे दृश्य पाहावे. अक्षरे एकेरी व रेखीव दिसली आणि उजेड पुरेसा वाटला, तर तिथेच थांबावे.