घरी सांगण्याचा दिवस नोटिशीच्या आधीचा

भिन्न धर्मातील जोडीदाराविषयी आई-वडिलांना कधी सांगायचे, हे केवळ धीर गोळा होण्यावर अवलंबून नसते. त्याला कायद्याचे वेळापत्रकही असते. सोलापूर जिल्ह्यातल्या केमच्या एका वाचक मुलीने नेमके हेच विचारले आहे. मुलगी हिंदू, मुलगा मुस्लिम आणि दोघेही बरीच वर्षे पुण्यात नोकरीला आहेत. गावाकडे अजून कोणालाच कल्पना नाही.

धर्म न बदलता असे लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याने होते. दोघांपैकी एकाचे ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. पुण्यात नोटीस दिली की गावापर्यंत बातमी जात नाही, असा अनेकांचा समज असतो. पण मुलीचा कायमचा पत्ता केमचा असल्यास नोटिशीची प्रत सोलापूरच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही ती दर्शनी जागी लावली जाते. कोणी नातेवाईक कामानिमित्त त्या कचेरीत गेला, तर संध्याकाळपर्यंत घरी फोन येऊ शकतो. ‘बाहेरून कळलं’ हा घाव मग मूळ गोष्टीहून खोल जातो.

नोटिशीनंतर ३० दिवस हरकतीसाठी असतात. हरकत फक्त वय, आधीचा हयात जोडीदार, मानसिक अक्षमता किंवा निषिद्ध नाते यांवरच घेता येते. आई-वडिलांची नापसंती किंवा धर्म ही कायदेशीर हरकत नव्हे. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न न झाल्यास नवी नोटीस द्यावी लागते. म्हणून आधी घरी सांगावे, घरच्यांना काही आठवडे द्यावेत आणि मगच नोटीस द्यावी.

सांगण्यापूर्वी भीती कशाची आहे, हे वेगळे करावे लागते. ‘धाकटीचं कसं जमायचं?’, ‘भावकीत तोंड कसं दाखवायचं?’ हे प्रश्न दुःखातून येतात. त्यांना लगेच उत्तर देण्याचा हट्ट न धरता ऐकून घ्यावे आणि पुन्हा बोलण्याचा दिवस ठरवावा. आईचा विश्वास असलेली मावशी किंवा आत्या आधी जवळ केली, तर पहिला आघात एकट्या मुलीवर येत नाही.

मारहाण, कोंडून ठेवणे, मोबाईल काढून घेणे किंवा घाईने दुसरे स्थळ ठरवणे असे घरात पूर्वी घडले असेल, तर भीती निराळी. तिथे केमला जाऊन सांगू नये. मूळ दाखले आधी पुण्यात आणावेत आणि फोनवर, सुरक्षित जागेवरूनच सांगावे. धोका उभा राहिला तर ११२ वर फोन करावा. शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी अशा जोडप्यांसाठी जिल्हावार विशेष कक्ष व सुरक्षित निवासाचे निर्देश दिले आहेत. संरक्षणाच्या लेखी अर्जात त्यांचा उल्लेख करावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

आई-वडिलांची संमती ही नात्याची गरज आहे, सज्ञान मुलांच्या लग्नाची कायदेशीर अट नाही.